टन-किलोमीटरचा दर: रिकामी परतफेरी कुठे धरायची?

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कॉस्टिंग बघतो. नवीन मुलं आली की खर्च नीट गोळा करतात. गडबड होते ती भागाकाराच्या खालच्या आकड्यात, म्हणजे वाहिलेले टन गुणिले किलोमीटर यात.

एकच गाडी घेऊ. वडाळा ते पुणे, एका बाजूचे 150 किलोमीटर, महिन्याला 20 फेऱ्या. जाताना 10 टन माल, येताना 4 टन. भरलेली गाडी लिटरला 4 किलोमीटर देते आणि येताना 5, म्हणजे डिझेल 750 अधिक 600, एकूण 1,350 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तर 1,21,500. ड्रायव्हरचा पगार 24,000 आणि फेरीमागे 400 रुपये भत्ता, मिळून 32,000. घसारा आम्ही किलोमीटरवर काढतो: टायर वगळून गाडीची किंमत 26 लाख, शेवटी विकून 6 लाख येतील, आयुष्य 8 लाख किलोमीटर. किलोमीटरला अडीच रुपये, महिन्याच्या 6,000 किलोमीटरला 15,000. टायर का वगळले? ते झिजतात तसा त्यांचा खर्च वेगळा लागतो, नाहीतर तो दोनदा धरला जाईल.

टायर, टोल, विमा, दुरुस्ती तूर्त बाजूला ठेवली तर बेरीज 1,68,500. टन-किलोमीटर एका फेरीत 1,500 अधिक 600, महिन्यात 42,000. दर आला 4.01 रुपये.

आता येताना माल मिळालाच नाही असं समजा. रिकामी गाडी लिटरला 6 देते, डिझेलचे 9,000 वाचतात, खर्च 1,59,500 होतो. पण टन-किलोमीटर उरले 30,000 आणि दर 5.32 वर गेला. खर्च उतरला तरी दर चढला. रिकाम्या फेरीचं डिझेल वर येतं, खाली मात्र शून्यच. नवखे लोक तिथे 300 किलोमीटर गुणिले 10 टन गुणिले 20 फेऱ्या करून 60,000 काढतात आणि दर निम्मा दाखवतात. अशा दराने भाडं ठरवलं की मालक बुडालाच.

माल वाटेत उतरत असेल तर आणखी एक फरक पडतो. पुण्यात 6 टन उतरवून 4 टन पुढे 110 किलोमीटर साताऱ्याला नेले, तर टप्प्याटप्प्याने 1,500 अधिक 440, म्हणजे 1,940. सरासरी 7 टन गुणिले 260 केलं तर 1,820. पहिली पद्धत निरपेक्ष, दुसरी व्यापारी. बिल्टीवर प्रत्येक टप्प्याचं वजन असतं, म्हणून मी पहिलीच वापरतो. परीक्षेत मात्र प्रश्नात मागितली असेल तीच.

डिझेलचा आकडा पंपाच्या बिलावरून उचलू नका. 31 तारखेला भरलेली टाकी पुढच्या महिन्यात जळते. महिन्याच्या दोन्ही टोकांना टाकी फुल करायला लावा, पहिली भरणी सोडून मधल्या आणि शेवटच्या भरण्याचे लिटर जोडा आणि किलोमीटर मीटरशी ताडून बघा. लिटरमागचे किलोमीटर अचानक 3 वर आले तर आधी लॉगशीट मागा, मग ड्रायव्हरला विचारा.