डिलिव्हरीचा ओटीपी: खोका हातात येण्याआधी आकडे सांगू नका

ऑनलाइन मागवलेली महाग वस्तू घरी आली, की ती आणणारा मुलगा मोबाइलवर आलेले आकडे विचारतो. हे आकडे म्हणजे पोहोच मिळाल्याची सही आहे. पूर्वी कुरिअरवाला कागदावर सही घेत असे, परंतु ती नेमकी कोणी केली हे नंतर सिद्ध करता येत नसे. वस्तू मिळूनही ‘मिळाली नाही’ म्हणणारे ग्राहक होते, तसेच वस्तू न देताच ‘पोहोचवली’ अशी नोंद करणारे कर्मचारीही होते. आता ग्राहकाच्या नंबरावर गेलेला ओटीपी डिलिव्हरीवाल्याने आपल्या ॲपमध्ये टाकल्याशिवाय अशा पार्सलची पोहोच नोंदली जात नाही. टपाल खात्यानेही 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टसाठी प्रत्येक वस्तूमागे 5 रुपये आणि जीएसटी अशा जादा शुल्कात ओटीपी घेऊनच टपाल देण्याची सोय ठेवली आहे. गॅस सिलिंडरच्या वेळी विचारला जाणारा डीएसी नंबर याच जातीचा आहे.

तेव्हा ओटीपी विचारणारा प्रत्येक डिलिव्हरीवाला लबाड असतो असे समजण्याचे कारण नाही. आकडे मागणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. प्रश्न एवढाच, की ते केव्हा सांगायचे आणि हाती आलेला ओटीपी खरोखर पार्सलचाच आहे का.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात एक अडचण वारंवार येते, आणि शहरासाठी लिहिलेल्या सूचनांत तिचा विचार नसतो. वस्तू गावातल्या आईवडिलांसाठी असते, पण ती मागवलेली असते पुण्यात किंवा बेंगळुरूला असलेल्या मुलाने, त्याच्या नंबरावरून. ओटीपी तिकडे जातो आणि पार्सल इकडे येते. त्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला काही ठिकाणी मोबाइलला रेंज नीट मिळत नाही, त्यामुळे डिलिव्हरीवाला वाटेत रेंज असतानाच फोन करतो.

समजा, पुण्यातल्या मुलाने जांबोटीजवळच्या गावी आईसाठी 14,000 रुपयांचा मोबाइल मागवला आहे. सकाळी त्याला मेसेज येतो, त्यात आजच्या डिलिव्हरीचा ओटीपी असतो. दुपारी फोन येतो: ‘दादा, मी खानापुरात आहे. पुढे रेंज नसते, ओटीपी आत्ताच सांगा. पार्सल स्टँडसमोरच्या दुकानात ठेवतो, घरचे येऊन घेऊन जातील.’ बोलणारा मुलगा बहुधा खराच असतो आणि त्याची अडचणही खोटी नसते. तरीही या क्षणी आकडे सांगितले, तर आईने खोका पाहिलेलाही नसताना कंपनीच्या नोंदीत मोबाइल पोहोचलेला असतो. नंतर दुकानातून पार्सल हरवले, फोडलेले निघाले किंवा आत साबणाची वडी सापडली, तर तक्रार मुलालाच करावी लागते आणि कंपनी त्याच्यापुढे त्याचाच ओटीपी ठेवते.

अशा वेळी मुलाने पुढील क्रमाने वागावे. प्रथम कंपनीचे ॲप उघडून ती ऑर्डर आज डिलिव्हरीसाठी निघाली आहे का, हे पाहावे. फोन करणाऱ्याने पाठवलेल्या लिंकवरून ॲप उघडू नये. मग आईला वस्तूचे नाव आणि ती आधीच पैसे भरून मागवली आहे की दारात रोख द्यायचे आहेत, हे कळवावे, आणि ओटीपीचे आकडे तिला कागदावर लिहून घ्यायला सांगावे. म्हणजे दारात रेंज नसली तरी काम अडत नाही. खोका हातात आल्यावर आईने त्यावरचे नाव वाचावे, चिकटपट्टी उचकटून पुन्हा लावलेली नाही ना हे पाहावे, आणि मगच आकडे सांगावेत. ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी असेल, तर खोका डिलिव्हरीवाल्यासमोर उघडून वस्तू पाहिल्यावरच सांगावेत. वस्तू चुकीची किंवा फुटलेली असेल, तर आकडे न देता ती परत करावी. परतीचे पार्सल नेताना ओटीपी विचारला जातो तेव्हा त्याचा अर्थ उलटा असतो, म्हणजे वस्तू आपण दिली असा, म्हणून तेव्हा तो सांगायला हरकत नाही. गावात यायला डिलिव्हरीवाला तयारच नसेल, तर दुसऱ्या दिवशीची डिलिव्हरी मागावी. गैरसोय होते हे खरे, पण 14,000 रुपयांची सही आधी देण्यापेक्षा ती परवडते.

आतापर्यंतचा धोका वस्तूपुरता होता. खात्यातले पैसे जातात ते दुसऱ्या प्रकारात, आणि तो ओळखायचा तर फोनवरच्या माणसाचे ऐकण्याऐवजी मेसेज शेवटपर्यंत वाचावा लागतो. डिलिव्हरीच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये ऑर्डरचा किंवा पार्सलचा उल्लेख असतो. बँकेच्या मेसेजमध्ये रुपयांची रक्कम, कार्डाचे किंवा खात्याचे शेवटचे आकडे, आणि ओटीपी कोणालाही देऊ नका अशी ताकीद असते. आपल्याकडे हे मेसेज बहुधा इंग्रजीत येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी वाचता येत नसेल, तर त्यांना एवढे नक्की दाखवून ठेवावे, की मेसेजमध्ये Rs किंवा INR दिसले तर ते आकडे सहसा पार्सलचे नसतात. मात्र रोख रक्कम देऊन घ्यायच्या पार्सलच्या मेसेजमध्येही कधी रक्कम असू शकते. शंका आली, तर घरातल्या कोणाकडून तरी मेसेज वाचून घेईपर्यंत थांबावे. व्हॉट्सॲपच्या नोंदणीचा सहा आकडी कोड कोणत्याही पार्सलसाठी लागत नाही. तो दिला तर आपले व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हाती जाते.

न मागवलेले पार्सल दारात येते, हा त्यातला चलाख डाव. ‘काकू, तुम्ही मागवले नसेल तर मी रद्द करतो, आलेले आकडे तेवढे सांगा’ असे ते आणणारा म्हणतो किंवा ‘कस्टमर केअर’ला फोन जोडून देतो. काही कंपन्या खरी ऑर्डर नाकारतानाही कोड पाठवतात, पण तो आपणच दिलेल्या ऑर्डरचा असतो. जी वस्तू मागवलीच नाही, ती रद्द करण्यासाठी आपल्याकडून काहीही लागत नाही. ‘पत्ता अपुरा आहे, 5 रुपये भरा’ अशी लिंक आली, तर ती उघडू नये. डिलिव्हरीवाल्याशी बोलण्यासाठी *401* किंवा *21* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितले, तर तोही करू नये, कारण त्याने आपले कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात आणि फोनवरून ऐकवले जाणारे ओटीपी त्यालाच ऐकू जातात. चुकून केला असेल, तर ##002# डायल केल्यावर वळवलेले कॉल बंद होतात.

पैशांचा ओटीपी सांगून झाला असेल, तर आधी बँकेच्या कार्डावर किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरावर फोन करून खाते आणि कार्ड थांबवावे, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवावे. इथे वेळेला पैशाचे मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात असे म्हटले होते, की ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवावी. त्यानंतर cybercrime.gov.in वर लेखी तक्रार नोंदवावी. ते घरी जमत नसेल, तर मेसेज आणि आलेल्या कॉलचा नंबर न पुसता मोबाइल, पासबुक आणि ओळखपत्र घेऊन सायबर गुन्हे पाहणाऱ्या बेळगावच्या सीईएन पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जावे.