चढावर कधी चालायचं आणि कसं: पॉवर हाइकिंगची तयारी

सिंहगडावर रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने गेलात, की एक दृश्य हमखास दिसतं. कोणीतरी धापा टाकत, जागच्या जागी उड्या मारल्यासारखा 'धावत' असतो आणि त्याच्या शेजारून हात मांड्यांवर टेकवून चालणारा शांतपणे पुढे निघून जातो. डोंगरातल्या अल्ट्रामध्ये, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यतीत, हे दिवसभर चालतं. चालणारा हरलेला नसतो. त्याला त्या चढाचा हिशोब कळलेला असतो. चढावर असं ठरवून, जोर लावून चालणं म्हणजेच पॉवर हाइकिंग.

पहिली गोष्ट म्हणजे चढावर घड्याळातला 'मिनिटं प्रति किलोमीटर' हा आकडा विसरायचा. तो फक्त लाज आणतो. आतकरवाडीची वाट सुमारे पावणेतीन किलोमीटर आणि उंची साधारण ६०० मीटर. पन्नास मिनिटांत वर पोचलात तर वेग दिसतो किलोमीटरला सुमारे अठरा मिनिटं, म्हणजे भाजी आणायला निघाल्यासारखा. पण उंचीच्या भाषेत तो ताशी ७२० मीटर होतो आणि हौशी धावपटूसाठी तो चांगला आहे. तेव्हा चढावर मोजायचं ते तासाला किती मीटर वर गेलो हे. बऱ्याच घड्याळांत ते पडद्यावर लावता येतं. नसेल तर वेळ आणि उंची टिपून घरी भागाकार करा.

आता चालणं कधी फायद्याचं? कोलोराडो विद्यापीठात रॉजर क्रॅम आणि सहकाऱ्यांनी खास बनवलेल्या तीव्र चढाच्या ट्रेडमिलवर हे मोजलं आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. चढ कितीही असला तरी उंची गाठण्याचा वेग सारखाच ठेवला होता, सेकंदाला ०.३५ मीटर, म्हणजे ताशी १,२६० मीटर. साधारण १६ अंशांपेक्षा जास्त चढावर धावण्यापेक्षा चालण्याला कमी ऊर्जा लागली. १६ अंश म्हणजे १०० मीटर पुढे जाताना जवळपास २९ मीटर वर.

पण तो वेग तयारीच्या डोंगरी धावपटूंचा आहे. ताशी ६००-८०० मीटर चढणाऱ्या आपल्यासारख्यांची सीमा बरीच अलीकडे येते. सपाटीवर माणूस ताशी ७ किलोमीटरच्या आसपास आपोआप चालण्यातून धावण्यात जातो. त्याहून हळू धावणं म्हणजे वर उडण्यात ताकद घालवणं. म्हणून माझा साधा नियम असा: धावताना वेग ताशी ६ किलोमीटरच्या खाली, म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटांपेक्षा हळू, गेला की चालायला लागा. शेजारून कोणी चालत तुमच्याइतकंच पुढे जात असेल, तर त्यासाठी घड्याळही नको.

याची उलट बाजूही आहे. डांबरी घाटातल्या पाच-सहा टक्क्यांच्या चढावर ताजे पाय असताना धावणंच सरस. तिथे पॉवर हाइकिंगचं नाव पुढे करून चालणं हा आळस आहे. कॉम्रेड्ससारख्या रस्त्यावरच्या शर्यतीत चालायचं ते पाय थकल्यावर, ठरवून आणि थोडं थोडं.

आपली सीमा शोधायची एक चाचणी आहे. सुमारे २०० मीटर लांब आणि ५० मीटर उंचीचा चढ निवडा. एकदा धावत, एकदा झपाझप चालत, असं आलटून-पालटून तीन-तीन वेळा चढा आणि दर वेळी सावकाश खाली या. वेळ आणि वर पोचतानाचे हृदयाचे ठोके लिहून ठेवा. समजा धावत ३ मिनिटं ५ सेकंद आणि ठोके १७२ आले, चालत ३ मिनिटं २० सेकंद आणि ठोके १५६. फरक १५ सेकंदांचा. शर्यतीत १,५०० मीटर चढ असेल तर असे तीस तुकडे होतात, म्हणजे साडेसात मिनिटं. आता १७२ ठोक्यांनी माथ्यावर पोचल्यावर श्वास जागेवर यायला दोन मिनिटं जातात असं धरा. पाच मोठ्या चढांची दहा मिनिटं तिथेच गेली. शिवाय ते ठोके पाच-सहा तास टिकत नाहीत, ते वेगळंच. हीच चाचणी कमी चढाच्या वाटेवर केलीत तर उत्तर पालटेल. ते जिथे पालटतं, ती तुमची सीमा.

मग चालायचं कसं? हा फेरफटका नाही. पावलं आखूड आणि भरभर. मोठी ढांग टाकली की प्रत्येक वेळी सगळं वजन एका मांडीवर उचलावं लागतं आणि तासाभरात ती भरून येते. झुकायचं ते घोट्यापासून. कमरेतून वाकलात तर छाती दबते, श्वास अपुरा पडतो आणि पाठ बोलू लागते. चढ तीव्र झाला की तळवे गुडघ्याच्या जरा वर, मांडीवर ठेवा आणि त्या पायावर वजन येताना खाली दाबा. गुडघ्याच्या वाटीवर हात नको. दगड किंवा पायरी मिळेल तिथे पूर्ण पाऊल टेकवा. सतत चवड्यांवर चढणाऱ्याच्या पोटऱ्या आधी जळजळतात, मग पेटके येतात. काठ्या वापरणार असाल तर आधी शर्यतीचे नियम वाचा. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्समध्ये त्यांना बंदी आहे.

आणि दम संपण्याआधी चालायला लागा. दम संपल्यावर जे होतं ते पॉवर हाइकिंग नव्हे, रखडणं.

सरावासाठी आठवड्यातले दोन दिवस पुरतात. एक दिवस जोराचा: आठ मिनिटं चढ, सावकाश उतार, असं चार वेळा. जोर इतका, की तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. दुसरा दिवस लांबचा: सिंहगड दोनदा, जमेल तसा तीनदा, चढताना एकही पाऊल न धावता. पहिल्या आणि शेवटच्या चढाईच्या वेळेत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला, तर पहिली चढाई घाईत झाली असं समजा. पावसाळ्यात वाट निसरडी होते, तेव्हा आकड्यांचा नाद सोडा. सकाळी उशीर केलात तर गर्दीत लय सापडणार नाही. पिठलं-भाकरीला मात्र ती वेळ उत्तम.

डोंगर जवळ नसेल तर ट्रेडमिल १५ टक्क्यांवर लावून ताशी साडेपाच किलोमीटरने चाला. तासाला साधारण ८०० मीटर चढ होतो, पण दांडा न धरता. दांडा धरून मागे रेललात की चढ फक्त आकड्यात उरतो. मुंबईकरांसाठी जिना आहेच. मजला तीन मीटरचा धरला तर वीस मजले म्हणजे ६० मीटर, आणि दहा फेऱ्यांत सिंहगड. खाली लिफ्टने आलात तर गुडघे वाचतात, पण उतरायचा सराव वेगळा करावा लागेल.

बहुतेकांचा वेळ खरा वाया जातो तो माथ्यावर. चढ संपतो, वाट सपाट होते आणि पाय मात्र शंभर-दोनशे मीटर तसेच चालत राहतात. म्हणून प्रत्येक सराव-चढाईच्या शेवटी, सपाटी आल्यापासून वीस पावलांच्या आत धावायला लागायचं, सुरुवातीला अगदी हळू. खाणं-पिणं चढ चालतानाच, मधल्या सौम्य टप्प्यावर उरका. तोंडात घास घेऊन माथ्यावर पोचलात, तर ती वीस पावलं हमखास दोनशे होतात.