मी सुचवलेलं स्थळ मोडलं, मैत्रीण बोलेना: राग कशाने उतरला

मैत्रिणीच्या मुलीसाठी स्थळ मी सुचवलं. साखरपुड्यानंतर कळलं, मुलाची नोकरी केव्हाच सुटलेली. लग्न मोडलं. "तूच आणलंस ना," एवढं म्हणून मैत्रिणीने फोन घेणंच बंद केलं.

व्हॉट्सॲपवरचा लांबलचक खुलासा, "मलाही फसवलं" हे पालुपद, तिच्या जावेकरवी निरोप. सगळ्याने राग वाढलाच. वैताग आला होता, खरं सांगते.

शेवटी कामी आलं ते असं. ती घरी एकटी असेल अशा वेळी गेले. ती बोलत होती तोवर मध्ये तोंड घातलं नाही. मग विचारलं, "त्यांच्याकडे आपलं काय काय अडकलंय?" खरी सल तिथे होती: अंगठी, मुलाचा सूट, हॉलच्या ॲडव्हान्समधला त्यांचा वाटा. तिथेच कागदावर यादी केली.

मुलाकडच्यांशी ओळख माझी, म्हणून बोलणीही मीच केली. आधी त्यांची साडी आणि दागिना पोचवला, मगच आपलं मागितलं. त्यामुळे "आमचंही तुमच्याकडे आहे" ही पळवाट उरली नाही. अंगठी लगेच आली, सूट आम्हीच सोडून दिला, हॉलचे पैसे निम्मेच मिळाले. अंगठी हातात दिली तेव्हा ती म्हणाली, "बस, चहा टाकते." मुलीसमोर मात्र हा विषय मी अजून काढलेला नाही, तिने काढला तरच बोलायचं.