सांकेतिक असमानता: तीन घरांच्या हिशेबाने करायची तयारी

सांकेतिक असमानतेचे प्रश्न, म्हणजे चिन्हांत दिलेल्या लहान-मोठ्या नात्यांवरून कोणते निष्कर्ष खात्रीने निघतात ते सांगायचे प्रश्न, घेऊन बसण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात तीन घरं आखून ठेवा. पहिल्यात >, मधल्यात =, शेवटच्यात <. कोणत्याही दोन संख्या घेतल्या तरी त्यांचं नातं या तीनपैकी एका घरात बसतं, आणि एकाच घरात बसतं. या प्रकारात मी जितक्या चुका तपासल्या आहेत, त्यातल्या बहुतेक मधल्या घराचा विसर पडल्यामुळे झालेल्या होत्या. म्हणून माझी तयारीची सगळी यादी या तीन घरांभोवतीच फिरते.

पहिली तयारी चिन्हांच्या तक्त्याची. प्रश्नात @, #, $, %, & अशी चिन्हं असतात आणि त्यांचे अर्थ बहुधा नकारात सांगितलेले असतात. 'P @ Q म्हणजे P हा Q पेक्षा लहान नाही' असं वाचलं की मन घाईने 'म्हणजे मोठा' असं म्हणून मोकळं होतं. इथेच थांबायचं. 'लहान नाही' या शब्दांनी फक्त < हे घर खोडलं. उरली दोन, > आणि =. म्हणून @ चा अर्थ ≥. त्याच रीतीने 'P # Q म्हणजे P हा Q पेक्षा मोठा नाही' यात > खोडलं जातं आणि ≤ उरतं. 'P $ Q म्हणजे P हा Q पेक्षा लहानही नाही आणि समानही नाही' यात दोन घरं खोडली गेली, उरलं फक्त >. 'मोठाही नाही, समानही नाही' हा & चा अर्थ धरला तर उरतं <. आणि % म्हणजे 'मोठाही नाही, लहानही नाही', अर्थात =. इंग्रजी अक्षरं आणि ओळखीची चिन्हं दिसली की आधीच्या संचातला अर्थ आपोआप डोक्यात येतो. पण प्रत्येक संचात अर्थ बदललेले असू शकतात, म्हणून तक्ता दर वेळी नव्याने लिहायचा. पाच चिन्हांना अर्धा मिनिट पुरतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीच्या वहीत हा तक्ता फार सुबक होता, तरी उत्तरं चुकत होती. शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं की ती विधानं चिन्हांत उतरवायची, पण निष्कर्ष मात्र @ आणि # मध्येच वाचायची आणि त्यांचा अर्थ मनात लावायची. पेन्सिल निष्कर्षापर्यंत पोचतच नव्हती. तेव्हापासून मी हेही यादीत घातलं आहे: निष्कर्षही उलगडून लिहायचे, आणि मगच तपासायला घ्यायचे.

दुसरी तयारी साखळीची. हे उदाहरण घ्या, अर्थ वरच्या तक्त्यातलेच.

```
विधानं:
K % M,  T $ M,  R @ K,  T # J

निष्कर्ष:
1) J $ K
2) R $ M
3) M % R
4) R & T
5) R $ T
```

विधानं मुद्दाम विस्कटून दिलेली असतात. आधी ती उलगडा: K = M, T > M, R ≥ K, T ≤ J. मग सामाईक अक्षरं जुळवा. K दोन ठिकाणी आहे, M दोन ठिकाणी, T दोन ठिकाणी. T > M हे विधान उलटं फिरवून M < T असं घ्यावं लागतं. फिरवताना अक्षरांबरोबर चिन्हाचं तोंडही वळतं, हे एकदा बोटाने दाखवून खात्री करून घ्या. साखळी अशी जमते: R ≥ K = M < T ≤ J.

आता निष्कर्षाकडे. दोन अक्षरांमधलं नातं शोधायचं म्हणजे साखळीवरून एकापासून दुसऱ्यापर्यंत चालत जायचं आणि वाटेतल्या चिन्हांची तोंडं पाहायची. सगळी एकाच दिशेला असतील तर नातं ठरतं. = आलं तर ते वाटेत नसल्यासारखंच, दिशेवर त्याचा परिणाम नाही. वाटेत एक जरी पक्कं < किंवा > असेल तर शेवटचं नातंही पक्कं होतं, कारण तेवढ्या एका ठिकाणी नक्की अंतर पडलेलं असतं आणि पुढे ते कुठेच भरून निघत नाही. सगळीच चिन्हं ≥ असतील तर मधलं घर उघडंच राहतं. आणि तोंडं वाटेत उलटली, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, तर काहीच ठरत नाही: तिन्ही घरं उघडी.

पहिला निष्कर्ष J > K. K पासून J पर्यंतची वाट = , < , ≤ अशी आहे. दिशा एकच, मध्ये एक पक्कं <. म्हणून K < J, म्हणजेच J > K. उघडं घर एकच आणि निष्कर्षाने तेच धरलं आहे. हा खराच.

दुसरा R > M. R पासून M पर्यंत ≥ आणि =, म्हणून R ≥ M. उघडी घरं दोन, > आणि =. निष्कर्ष फक्त > धरतो. R आणि M समान असण्याची शक्यता शिल्लक आहे, त्यामुळे हा एकटा खात्रीने निघत नाही. तिसरा M = R, तो फक्त मधलं घर धरतो, तोही एकटा निघत नाही. पण दोघांना मिळून पाहा: दुसऱ्याने > घेतलं, तिसऱ्याने = घेतलं, आणि उघडी घरं एवढीच होती. दोघांपैकी एक खरा असलाच पाहिजे. पर्यायांमध्ये जो 'एकतर 2 किंवा 3' असतो, तो इथे बरोबर. तिसऱ्यात अक्षरं उलट क्रमाने लिहिली आहेत, M आधी आणि R नंतर. नजरेला ती वेगळी जोडी वाटते आणि 'एकतर'चा विचार मनात येतच नाही. म्हणून निष्कर्ष उलगडताना सगळ्या जोड्या एकाच क्रमात लिहून घ्यायची सवय लावा.

चौथा आणि पाचवा हे या प्रश्नातले सगळ्यात शिकवणारे. चौथा R < T, पाचवा R > T. R पासून T पर्यंतची वाट R ≥ K = M < T. तोंड उलटलं. R आणि T दोघांबद्दल एवढंच कळतं की M हा R पेक्षा मोठा नाही आणि T पेक्षा लहान आहे; त्यांचं एकमेकांशी काय, हे विधानं सांगत नाहीत. तिन्ही घरं उघडी. एकटा कुठलाच निघत नाही. इथे बरेच जण म्हणतात, 'नातं ठरत नाही, आणि एक लहान म्हणतो एक मोठा म्हणतो, म्हणजे एकतर 4 किंवा 5.' चूक. चौथ्याने < घेतलं, पाचव्याने > घेतलं, मधलं घर रिकामंच राहिलं. नातं खरंच त्या घरात बसू शकतं का, हे आकडे घालून बघता येतं: K = M = 5, R = 9, T = 9, J = 9. सगळी विधानं पाळली गेली आणि चौथा, पाचवा दोन्ही खोटे ठरले. म्हणून उत्तर 'दोन्हीही नाही'. पाचवा निष्कर्ष R @ T असा असता, म्हणजे R ≥ T, तर त्याने > आणि = दोन्ही घेतली असती, चौथ्याने <, आणि मग 'एकतर' बरोबर ठरलं असतं. एका चिन्हाचा फरक, उत्तर वेगळं.

तेव्हा 'एकतर'साठी कागदावर तीन तपासण्या लिहून ठेवा. जोडी तीच दोन अक्षरांची आहे का? दोन्ही निष्कर्ष एकेकटे कच्चे आहेत का? आणि दोघांनी मिळून उघडी असलेली सगळी घरं झाकली का? पहिल्या दोन बहुतेक जण करतात. तिसरी राहून जाते.

आकडे घालून बघण्याबद्दल एक ठरवून ठेवा. आकडे निष्कर्ष खोटा पाडायला वापरायचे, सिद्ध करायला नाही. विधानं पाळणारा एक आकड्यांचा संच निष्कर्ष खोटा ठरवत असेल, तर तो निष्कर्ष 'खराच' नाही, काम संपलं. पण दहा संचांत तो खरा निघाला तरी अकराव्यात मोडू शकतो. R = 12 आणि T = 8 घेतलं की पाचवा निष्कर्ष खरा दिसतो, R = 6 आणि T = 8 घेतलं की चौथा. ज्याने आकडे आधी घातले त्याचं उत्तर पहिले जे सुचले त्यावर ठरतं. म्हणून साखळी आधी, आकडे फक्त संशय आला तर, आणि आकडे निवडताना समान ठेवता येणारी अक्षरं मुद्दाम समान ठेवून पाहायची.

एकाच जोडीला दोन वाटा असतील, तर दोन्ही चालून पाहा. एका विधानातून A ≥ B मिळत असेल आणि दुसरीकडून A > C = B, तर पहिल्या वाटेने < खोडलं, दुसरीने = सुद्धा खोडलं. उरलं >. पहिली वाट सापडल्यावर थांबणारा इथे 'एकतर'च्या भानगडीत विनाकारण अडकतो.

शेवटची तयारी सराव-संचाच्या उत्तरतालिकेची, आणि ती सराव सुरू करण्याआधी करायची. समजा साखळीतून A > B पक्कं निघालं आणि निष्कर्ष आहे A ≥ B. घरांच्या हिशेबाने उघडं घर फक्त >, आणि निष्कर्षाने ते झाकलेलं आहे, म्हणजे तो खरा. तर्काने हेच बरोबर, आणि मला त्याबद्दल शंका नाही. पण काही सराव-संचांच्या उत्तरतालिका असा निष्कर्ष 'निघत नाही' धरतात, कारण त्यात न होऊ शकणारी समानता आणली आहे असं त्यांचं म्हणणं. दोन वेगळ्या संचांतून सराव करणारा मग गोंधळतो आणि आपली पद्धतच चुकली असं समजून ती बदलतो. तसं करू नका. ज्या परीक्षेला बसायचं आहे तिच्या आधीच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची अधिकृत उत्तरं हाती असतील तर त्यात असा एखादा प्रश्न शोधा, तिथे काय धरलं आहे ते पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि बाकी हिशेब आहे तसाच चालू द्या.

त्या मुलीने आता प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाशेजारी तीन छोटी घरं काढून कोणतं घर सुटलं त्यावर खूण करायला सुरुवात केली आहे. मागच्या आठवड्यात तिची वही पाहिली, नऊ चुकांपैकी सात ठिकाणी खूण मधल्या घरावर होती.