क्रेडिटवाला ब्रोकन विंग बटरफ्लाय: निफ्टीवर पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

जळगाव-भुसावळकडची बरीच पोरं आता ऑप्शन शिकायला लागलीत, आणि बटरफ्लाय समजला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, ते ब्रोकन विंगमधी वर गेलं तं खरंच काही जात नाही का?" खरंच जात नाही, पण खाली गेलं तर काय होतं ते आधी नीट बघा, म्हणून पुटचं एकच उदाहरण घेऊन सगळं सांगतो.

समजा निफ्टी 24,500 वर आहे आणि एक्स्पायरीला साधारण आठवडा आहे. 24,200 चा एक पुट 70 ला घ्यायचा, 24,100 चे दोन पुट 50 ने विकायचे, आणि 23,800 चा एक पुट 18 ला घ्यायचा (भाव हिशोबापुरते धरलेत). आले 100, गेले 88, म्हणजे 12 पॉइंट क्रेडिट. साध्या बटरफ्लायमध्ये दोन्ही पंख सारखे असतात, इथं वरचा 100 चा आणि खालचा 300 चा, म्हणून ब्रोकन विंग.

आता एक्स्पायरीला निफ्टी 24,200 च्या वर कुठंही बंद झाला तर चारही पुट शून्य होतात आणि 12 पॉइंट तुमचे. बरोबर 24,100 वर आला तर 100 अधिक 12, म्हणजे 112, हा सगळ्यात जास्त फायदा. तिथून खाली फायदा कमी होत जातो, 23,988 ला ना नफा ना तोटा, आणि 23,800 किंवा त्याच्या कितीही खाली गेला तरी तोटा 188 वर थांबतो. लॉट 65 चा धरला तर 780 रुपये क्रेडिट, जास्तीत जास्त फायदा 7,280 आणि जास्तीत जास्त तोटा 12,220, ब्रोकरेज-टॅक्स वेगळा.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे की ते क्रेडिट येतं कुठून. खालचा पुट 23,800 ऐवजी 23,900 चा घेऊन बघा, तो 25 ला मिळतो असं धरू. मग क्रेडिट फक्त 5 राहतं पण तोटाही 95 वरच थांबतो. म्हणजे 7 पॉइंट जास्त क्रेडिटसाठी आपण 93 पॉइंटचा जास्त तोटा अंगावर घेतो. नवीन माणूस क्रेडिट मोठं दिसावं म्हणून खालचा पंख लांब लांब नेत जातो आणि एका मोठ्या पडझडीत पंधरा वेळा मिळवलेलं क्रेडिट एकदम जातं, 188 भागिले 12 करून बघा. म्हणून मी आधी तोटा ठरवतो, तो झेपत असेल तरच क्रेडिट बघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हा जो ग्राफ आहे ना तो एक्स्पायरीचा असतो. समजा दोनच दिवसांत निफ्टी 24,100 वर आला आणि भीतीने प्रीमियमही फुगले, तर ग्राफवर सगळ्यात जास्त फायद्याची जागा असूनही स्क्रीनवर तीस-चाळीस पॉइंट लाल दिसू शकतात, कारण विकलेल्या दोन पुटांमध्ये अजून टाइम व्हॅल्यू भरपूर शिल्लक असते. तो फायदा शेवटच्या एक-दोन दिवसांतच उघडतो. पण वेळ भरपूर बाकी असताना निफ्टी 24,000 कडे जोरात सरकत असेल तर मी वाट बघत नाही, सगळे लेग एकत्र काढून टाकतो.

लावताना आधी दोन्ही खरेदीचे पुट घ्या, मग विका, नाहीतर थोडा वेळ उघडी विक्री राहते आणि मार्जिनही खूप जास्त लागतं. काढताना उलटं, आधी विकलेले परत घ्यायचे. लांबच्या स्ट्राइकला खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर मोठं असतं, तिथं मार्केट ऑर्डर टाकली तर 12 मधले 3-4 पॉइंट तिथंच जातात, म्हणून लिमिट ऑर्डरच टाका. ऑर्डर बरोबर बसली की नाही हे पेऑफ ग्राफवर लगेच कळतं, उजवीकडची सपाट रेघ शून्याच्या वर पाहिजे, खाली दिसली तर तुम्ही क्रेडिट नाही, डेबिट देऊन बसलात.

आणि एक काम अजिबात करू नका, ते म्हणजे मार्केट वर गेल्यावर "आता काय होतंय" म्हणून खालचा 23,800 चा पुट दोन-चार रुपयांना विकून टाकणं. तो गेला की दोन विकलेल्यांपैकी एक पुट उघडा पडतो, मर्यादित तोटा संपला आणि मार्जिनही वाढलं.

सुरुवात इंडेक्सवरच करा, कारण निफ्टीचा हिशोब रोखीत होतो, शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र एक्स्पायरीला इन-द-मनी असलेल्या पुटची प्रत्यक्ष डिलिव्हरी होते. शेअर 24,200 आणि 24,100 सारख्या दोन स्ट्राइकच्या मधोमध अडकला तर फक्त वरचा घेतलेला पुट इन-द-मनी राहतो आणि तुम्हाला लॉटभर शेअर द्यावे लागतात, तेव्हा तिथं लावलाच तर एक्स्पायरीच्या आधी बाहेर पडा.