ड्यू पॉइंट उणे ४५, तरी सेल फुगत होते

पहिल्या चार्जिंगनंतर, म्हणजे फॉर्मेशननंतर, आमचे लिथियम-आयन बॅटरीचे काही पाऊच सेल फुगायचे, त्यांची क्षमताही लवकर घसरायची. ड्राय रूमचा मीटर मात्र उणे ४५ अंश ड्यू पॉइंट, म्हणजे अगदी कोरडी हवा, दाखवत होता, कारण तो कोरडी हवा आत येते त्या डक्टमध्ये होता! इलेक्ट्रोलाइट भरतात तिथे सेन्सर लावला, तर शिफ्ट बदलताना आकडा उणे ३० च्या वर चढायचा. माणसांचा श्वास आणि घाम, दुसरं काय.

पाण्याचा अंश मिळाला की इलेक्ट्रोलाइटमधल्या LiPF6 या क्षारापासून HF हे आम्ल तयार होतं. ते कॅथोडमधले धातू विरघळवतं आणि ते धातू अॅनोडवरचा संरक्षक थर बिघडवतात. त्यातूनच सेल फुगतात आणि क्षमता घसरते. आम्ही आत एकावेळी किती जणांनी जायचं ते ठरवलं, कोरड्या हवेचा झोत थेट भरण्याच्या यंत्रावर सोडला, आणि व्हॅक्यूममध्ये वाळवलेले इलेक्ट्रोड उघडे ठेवणं बंद केलं. कार्ल फिशर चाचणीत इलेक्ट्रोडमधलं पाणी कमी दिसू लागलं, फुगणंही थांबलं.