साहेबांची सही मिळाली ती एका टेबलापुरती

अंधेरीच्या गोदामातून रोज साधारण १२० खोकी निघतात, त्यांतली तीनेक चुकीची. टेम्पोची परतफेरी २५० रुपये, म्हणजे दिवसाला ७५० पाण्यात. खोक्यात जाणारा माल तपासायला सगळ्या गोदामाला बारकोड स्कॅनर मागितले तेव्हा साहेबांनी कागद बाजूला सारला. मग पॅकिंगचं एकच टेबल, फक्त वसईच्या ऑर्डरी, दोन आठवडे, असं मांडलं. खर्च २,५०० चा एक स्कॅनर आणि खोक्यामागे अर्धा मिनिट. मेख वेगळीच: पोरं घाईत रॅकवरचं लेबल स्कॅन करतात, मग आत भलताच माल असला तरी पडद्यावर हिरवं येतं. म्हणून अर्जातच लिहिलं, स्कॅन वस्तूवरच्याच बारकोडचा, टेप मारण्याआधी. वसईच्या चुका निम्म्यावर आल्या नाहीत तर स्कॅनर कपाटात. या ओळीवर सही झाली.